कोंडीरामांचं वॉटरप्रूफ पॅकिंग

वाण्याने बांधून दिलेली साखरेची पुडी घरी आल्यावर सोडून पुन्हा बांधणारा माणूस कसबा पेठेत एकच होता, आणि तो म्हणजे कोंडीराम. दुसऱ्याने बांधलेलं काहीही त्यांच्या नजरेला खुपायचं. त्यात त्यांची चूक नव्हती म्हणा. भोसरीच्या गिअर बनवणाऱ्या कारखान्यात उभी हयात त्यांनी पॅकिंग खात्यात काढली होती. एक्क्याण्णव सालानंतर देशाची दारं उघडली, कारखान्याचा माल जर्मनीला जाऊ लागला आणि कोंडीरामांचे दिवस आले. गिअर जहाजातून जायचे, आठवडेच्या आठवडे समुद्राच्या खारट हवेत पडून राहायचे, आणि तिकडे खोकं उघडलं की आतला माल आरशासारखा लखलखीत निघायचा. गंजाचा ठिपकासुद्धा नाही. आधी तेलकट कागद, मग जाड प्लास्टिकची पिशवी, पिशवीत हवेतली ओल शोषून घेणाऱ्या सिलिकाच्या दाण्यांची पुडी, मग खोकं. साहेब लोक पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणत तेव्हा पॅकिंग खात्यापाशी जरा जास्त वेळ थांबत, असं कोंडीराम सांगत. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

निवृत्त झाल्यावर मात्र बांधायला घरात काही उरलं नाही. पत्नी वेणूबाई त्यांना डब्यांना हात लावू देत नसत. मुलगा साई रांजणगावच्या कारखान्यात पाळ्या करायचा, त्याचं जेवण कॅन्टीनमध्ये. राहता राहिली सून रुपाली, आणि तिचा तो फोन.

फोन तिचा नव्हता, कंपनीचा होता. खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नव्याने लागली होती, अजून कायम व्हायची होती. परदेशातल्या गिऱ्हाइकांचं काही अडलं की फोन वाजणार आणि रुपालीने उठून बघायचं, असं तिचं काम. मागचं झाकण काढलं की बॅटरी हातात येणारा, बटणांचा, दणकट दिसणारा फोन. तो घरी आला त्याच दिवशी कोंडीरामांनी नियम घालून दिला होता. कंपनीची वस्तू आहे, घरच्या गप्पांना वापरायची नाही. रुपालीने मान डोलावली होती आणि तो नियम पाळलाही होता. साधं 'पोचले' असं कळवायलासुद्धा तिने त्या फोनवरून घरी कधी फोन केला नाही.

आषाढ लागला, पाऊस सुरू झाला, आणि कसबा पेठेतून खराडीपर्यंत स्कूटरवर जायचं म्हणजे रेनकोट घालूनसुद्धा माणूस चिंब. कोंडीरामांचे हात शिवशिवले. रोज सकाळी ते सुनेचा डबा आणि फोन स्वतः बांधू लागले. वेणूबाईंच्या तव्यावरच्या पोळ्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. डब्याला खेटून फोन, कारण उबेशेजारी ओल टिकत नाही असं त्यांचं मत. मग दोन्ही मिळून एका जाड पिशवीत. कारखान्यातून येताना आणलेल्या सिलिकाच्या पुड्या एका बरणीत होत्या, त्यातली एक आत. पिशवीतली हवा दाबून काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, पीळ दुमडायचा, वर रबरबँड. त्यावर दुसरी पिशवी, तिलाही पीळ. वाटेतला तासभर फोन वाजला तर तो टीममधला दुसरा कुणी बघायचा, तेवढी सोय होती.

वेणूबाई रोज तव्यापाशी उभ्या राहून एकच वाक्य म्हणायच्या, "पोळ्या जरा निवू द्या, घाम सुटतो त्यांना."

कोंडीराम रोज म्हणायचे की पोरीला उशीर होतोय. आणि पीळ द्यायचे.

पहिला फोन पावसाळ्याच्या सुरुवातीलाच रुसला. पडद्यावर आतून धुकं आल्यासारखं दिसायचं, बटणं दाबावीत तर एकाऐवजी दुसरंच उमटायचं. कंपनीने बदलून दिला. श्रावणात दुसऱ्यानेही तेच केलं, आणि आता मात्र साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सर्व्हिस सेंटरमधून तपासून आण, त्यांच्याकडून लिहून आण काय झालंय ते, असा हुकूम झाला. पाण्यात पडलाय असं निघालं तर रुपालीकडचं सपोर्टचं काम काढून घेणार आणि कायम करायचं पुढे ढकलणार. पुढे म्हणजे किती, ते साहेबांनी सांगितलं नाही. असल्या पुढेला शेवट नसतो हे घरात सगळ्यांनाच कळत होतं.

रुपाली म्हणत होती, फोनला पाण्याचा थेंब लागलेला नाही. पिशवीतून काढते तेव्हा जरा दमट लागतो, ओढणीने पुसते, बस. कोंडीरामांनी ते दमट वगैरे कानाआड केलं. त्यांच्या पॅकिंगमधून पाणी आत जाणं शक्यच नव्हतं. मग राहिलं काय? पोरगी फोन न्हाणीघरात नेत असणार, नाहीतर भांडी घासताना ओट्यावर ठेवत असणार, आणि आता भीतीने बोलत नसणार. त्यांनी तिला समोर बसवून समजुतीच्या सुरात सांगितलं की चूक झाली असेल तर सांगून टाकावी, घरच्यांना सांगायला काय लाजायचं. रुपालीने एवढंच म्हटलं, "बाबा, मी खोटं नाही बोलत." आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने भात पानात तसाच टाकला. कोंडीरामांना ते लागलं.

रात्रभर फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. सकाळी रुपालीला ऑफिसला जायचं होतं, म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याचं कोंडीरामांनी अंगावर घेतलं. तिला वाटलं सासरे मदत करतायत. सासऱ्यांच्या मनात मात्र फोन बनवणाऱ्या कंपनीशी चार हात करायचे होते. सुनेचं काही असो, आपल्या पॅकिंगवर बोट ठेवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

सर्व्हिस सेंटर शनिवार पेठेत, चालत जाण्यासारखं. पण बाहेर पाऊस, आणि तिथे नंबर लागायला दुपार होते असं ऐकलेलं. तेव्हा त्यांनी स्वतःसाठी वेणूबाईंकडून डबा मागून घेतला. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात, डब्याला खेटून फोन, सिलिकाची पुडी, पीळ, रबरबँड, दुसरी पिशवी. हाताला सवयच झालेली.

काउंटरवर शर्मिला नावाची बाई होती. चष्मा कपाळावर, समोर रुसलेल्या फोनांची रांग. पावसाळ्यात तिच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य एकच बोलायचा, की फोनला पाणी लागलेलं नाही. शौचालयात पडलेला फोन आणणारासुद्धा. त्यामुळे ती गिऱ्हाइकाचं तोंड न बघता आधी फोनचं मागचं झाकण उघडायची. कोंडीरामांनी नंबर आल्यावर पिशवी काउंटरवर ठेवली आणि सोडण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"हे बघा, बाई. मी पॅकिंग खात्यातला माणूस आहे. हा फोन रोज असाच जातो. यात पाणी शिरून दाखवा."

शर्मिलाने पिशवीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, फोन दाखवा. पिशवी आम्ही दुरुस्त करत नाही."

कोंडीरामांनी संथपणे रबरबँड काढला, पीळ सोडला, फोन तिच्या हातात दिला. तिने तो आधी आपल्या फडक्याने पुसला, झाकण काढलं, बॅटरी काढली आणि बॅटरीच्या खाचेतला एक चिमुकला चौकोनी कागद त्यांना दाखवला. नवीन फोनमध्ये तो पांढरा असतो. पाणी लागलं की आतला रंग विरघळून वर येतो आणि कागद गुलाबी होतो. हा गुलाबी होता. पाणी गेलंय, कागद खोटं बोलत नाही, असं म्हणून ती लिहायला लागली.

कोंडीरामांना ऐकून घेणं शक्य नव्हतं. हवाच तेवढी दमट आहे त्याला फोन काय करणार, असं त्यांनी विचारलं. शर्मिलाने मान हलवली. नुसत्या दमट हवेने तो कागद रंग बदलत नाही, ती म्हणाली. बदलत असता तर पावसाळ्यात पुण्यातला एकेक फोन गुलाबी झाला असता आणि तिला घरी जायला मिळालं नसतं. त्याला पाणी लागतं. थेंब लागतो. कागदाला थेंब कुठून आला ते मात्र कळत नाही, नळाचा असो, पावसाचा असो, की हवेतून जमलेला असो. आणि एकदा गुलाबी झालेला कागद वाळवला म्हणून पुन्हा पांढरा होत नाही.

"थेंब येणार कुठून?" कोंडीराम म्हणाले. त्यांनी पिशवी उचलून तिच्यासमोर धरली. "दोन पिशव्या, दोन पीळ. बाहेरची पावसाने ओली आहे, मान्य. आतली बघा. हात घालून बघा."

शर्मिलाने खरंच हात घातला. मागच्या रांगेतल्या एकाने उसासा टाकला. तिने हात बाहेर काढला आणि बोटं कोंडीरामांसमोर धरली. बोटं ओली होती.

"आजोबा, मग हे कुठून आलं?"

कोंडीरामांनी पिशवी तिच्याकडून घेतली आणि उजेडाकडे धरली. आतल्या बाजूने सगळ्या पिशवीवर बारीक बारीक थेंब दाटलेले होते. तळाशी तर ओघळ जमला होता. त्यांनी डब्याला हात लावला. डबा अजून कोमट होता, आणि झाकणाच्या फटीतून पोळीचा वास येत होता.

कारखान्यात धुलाईच्या यंत्रातून गरम गिअर बाहेर पडायचे. पॅकिंगला नवीन लागलेली मुलं घाईघाईने ते तसेच पिशवीत घालायची, आणि कोंडीराम त्यांच्या हातून ते काढून घ्यायचे. आधी निववा, मग बांधा. गरम माल बांधलात तर पिशवीच्या आत त्याला घाम फुटेल, घाम कुठे जाणार नाही, आणि जर्मनीत पोचेल तो गंज. हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की मागून त्यांची नक्कल व्हायची. आणि आता ते स्वतः रोज सकाळी वाफाळत्या पोळ्यांशेजारी फोन ठेवून वर पीळ देत होते.

त्यांचं तोंड उतरलेलं शर्मिलाला दिसलं. तिचाही सूर जरा मऊ झाला. तिने त्यांना सांगितलं ते थोडक्यात असं. पोळ्यांची वाफ निघते, फोन त्या मानाने थंड, वाफ थंड वस्तूला लागली की तिचं पाणी होतं, चहाच्या झाकणाला होतं तसंच. पिशवी बंद, म्हणजे पाणी तिथेच. जेवढं पॅकिंग घट्ट तेवढं वाईट. सिलिकाची पुडी बघायला मागून तिने ती दाबून पाहिली. ही कधीची, असं विचारल्यावर कोंडीरामांना निवृत्तीचा समारंभ आठवला. मग ती भरून बसलेली आहे, शर्मिला म्हणाली, हे दाणे ओल पितात आणि एकदा पोट भरलं की पीत नाहीत. गरम डब्याशेजारी ठेवले तर प्यायलेली ओल परत सोडतात. म्हणजे त्या पुडीनेही आपला वाटा उचलला होता.

"तांदळात ठेवला होता का?" तिने बॅटरीची खाच फुंकत विचारलं. कोंडीरामांनी होकार दिला. "ठेवू नका. ओल काही फारशी ओढत नाही, आणि हा कोंडा चार्जरच्या भोकात बसतो. ओला झाला तर बंद करायचा, बॅटरी काढायची, पंख्याखाली उघडा ठेवायचा. वाळेपर्यंत चार्जरला लावायचा नाही. तव्यावर, केस वाळवायच्या यंत्रासमोर, काही नाही. साधा वारा."

कोंडीराम ते ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. त्यांना समोर बसवलेली रुपाली दिसत होती. समजुतीच्या सुरातलं आपलं बोलणं आठवत होतं. दमट लागतो म्हणाली होती ती, अगदी हेच शब्द, आणि आपण ते पुडीसारखे बाजूला टाकले. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली भीती होती. कागद गुलाबी आहे. तिच्या साहेबांना पोळ्या दिसणार नाहीत, कागद दिसणार.

"बाई," ते म्हणाले, "यात माझ्या सुनेची नोकरी आहे. पाणी गेलं असं लिहिलंत तर तिने पाण्यात पाडला असंच समजतील. पाडलेला आणि असा घाम आलेला, यात काही फरक तुम्हाला दिसू शकतो का? दिसत असेल तर बघा. नसेल तर मी साहेबांच्या पाया पडायला खराडीला जातो."

पाया पडायची गरज नाही, शर्मिला म्हणाली. फोन उघडून बघितला तर कळेल. पाण्यात बुडलेल्या फोनमध्ये पाणी खोलवर जातं, आतही असे कागद असतात, तेही गुलाबी होतात, आणि काही दिवसांत आतल्या सर्किटवर हिरवट-पांढरा गंज धरतो. तिने मागच्या टेबलावरच्या संजयला हाक मारली. संजय दुरुस्तीचं काम बघायचा. फोन त्याच्याकडे गेला आणि कोंडीराम बाकावर बसले.

त्यांच्या मांडीवर डबा होता. भूक नव्हती. संजयच्या हातातला बारीक पेचकस फिरताना त्यांना दिसत होता, आणि गंज हा शब्द डोक्यातून जात नव्हता. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या लोखंडाचा गंज चुकवला, त्याने घरच्या पोरीच्या फोनमध्ये गंज भरला असेल तर तोंड कुठे लपवायचं, हे त्यांना कळत नव्हतं. गणपतीचं नाव त्यांनी घेतलं. ते सहसा घेत नसत.

संजयने हाताने खूण करून बोलावलं. फोन दोन भागांत उघडा पडला होता. आतल्या पट्टीवर दोन बारीक कागद होते. संजयने दिवा जवळ ओढला. दोन्ही पांढरे होते, नव्या कोऱ्या पोळपाटावरच्या पिठासारखे. सर्किटवर गंज नव्हता. फक्त बटणांखालच्या थरात आणि पडद्याच्या कडेला ओल साठली होती, म्हणून बटणं भरकटत होती आणि धुकं दिसत होतं. पुसून, वाळवून, स्पिरिटने साफ केलं की चालेल, संजय म्हणाला. हा पाण्यात पडलेला नाही.

कोंडीरामांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि रेनकोटचं पाणी टपकलं असं सांगितलं. रेनकोट बाहेर खिळ्याला टांगलेला होता.

शर्मिलाने लिहिलं. बाहेरचा कागद गुलाबी, आतले पांढरे, गंज नाही, बाष्प साठून झालेला बिघाड, फोन साफ करून चालू. नियमाप्रमाणे बाहेरचा कागद गुलाबी म्हणजे वॉरंटी गेली, त्याला तिचा इलाज नव्हता, पण फोन पडलेला किंवा बुडलेला नाही हे तिने स्पष्ट शब्दांत घातलं. कोंडीरामांनी वाचलं आणि कागद परत तिच्याकडे सरकवला. बाष्प कुठून आलं ते लिहा, ते म्हणाले. गरम डब्याशेजारी फोन बांधल्यामुळे. आणि बांधणारा सासरा, हेही लिहा.

"इथे लोक स्वतःचं नाव खोडून मागतात," शर्मिला म्हणाली. "घालून मागणारे तुम्ही पहिले."

पण तिने लिहिलं. नाव नाही लिहिलं, 'घरच्यांनी' असं लिहिलं. निघताना तिने एक नवी, सीलबंद सिलिकाची पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि बजावलं की ही फोनसोबत, डब्यासोबत नाही. आणखी एक सांगितलं. ऑफिसातल्या थंडगार हवेतून बाहेरच्या दमट हवेत आलं की थंड फोनलाही असंच दव धरतं. सुनेला म्हणावं, निघताना फोन पिशवीत बंद करूनच बाहेर पड, आणि जरा कोमट होईतो पिशवी उघडू नकोस. बंद पिशवी वाईटच असते असं नाही, आत काय घालून बंद करता त्यावर आहे.

संध्याकाळी रुपाली आली तेव्हा कोंडीराम दारातच उभे होते. तिने बूट काढायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं, पिशवी, पोळ्या, पुडी, ओली बोटं, आतले पांढरे कागद. आणि शेवटी, जे सांगायला त्यांना सगळ्यात जड गेलं ते.

"तू खरं बोलत होतीस. मीच ऐकलं नाही. माझं चुकलं."

रुपालीने सर्व्हिस सेंटरचा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली थोडी, मग हसली. हसण्याचं कारण 'घरच्यांनी' हा शब्द होता.

तव्यापाशी वेणूबाई होत्या. त्यांनी मागे वळूनही न बघता म्हटलं, "मी रोज सांगत होते, घाम सुटतो."

"तू पोळ्यांबद्दल सांगत होतीस," कोंडीराम म्हणाले.

"पोळ्यांबद्दलच सांगत होते. तेवढं ऐकलं असतंत तरी भागलं असतं."

साहेबांनी कागद वाचला, पहिल्या फोनचंही तेच झालं असणार हे त्यांनी मान्य केलं, आणि रुपालीचं काम तिच्याकडेच ठेवलं. कायम होण्याचा कागद महिनाअखेरीस यायचा होता, तो वेळेवर येईल असं त्यांनी तोंडाने सांगितलं. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साईने रांजणगावहून येताना मिठाई आणली. ती बांधलेली होती, आणि कोंडीरामांनी ती तशीच, न सोडता पुन्हा न बांधता, टेबलावर ठेवू दिली. वेणूबाईंनी ते पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या ताटात पसरून निवत होत्या. फोन वेगळ्या कोरड्या पिशवीत, सोबत नवी पुडी, एकच पीळ. डबा वेगळा, रुपालीच्या पाठीवरच्या सॅकच्या दुसऱ्या कप्प्यात. पोरीला त्यापायी थोडा उशीर झाला. कोंडीरामांनी या वेळी उशिराचं नाव काढलं नाही. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ते पावसात उभे राहिले आणि मग आत येऊन उगाचच वर्तमानपत्र उलटत बसले.

तासाभराने घरचा फोन वाजला. वेणूबाईंनी खूण केली, तुमच्यासाठी आहे. रुपाली होती. मागे ऑफिसातली कुजबुज ऐकू येत होती. ती त्या कंपनीच्या फोनवरून बोलत होती, हे कोंडीरामांच्या लगेच ध्यानात आलं. नियम मोडला होता तिने, पहिल्यांदाच.

"बाबा, पोचले," ती म्हणाली. "कोरडा आहे."

कोंडीरामांना तिला रागवायचं होतं. कंपनीचा फोन आहे, घरच्या गप्पांना नाही, हे वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्यांच्याच्याने ते बोलवेना. बरं, म्हणून त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि वेणूबाईंनी काय म्हणाली विचारल्यावर "पोचली," एवढं सांगून वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.